जोडी लावण्याआधी ती सोडवण्याची तारीख ठरवा : कारखान्यात ज्येष्ठ-कनिष्ठ मार्गदर्शन योजना सुरू करताना

सोलापुरातील टेरी टॉवेलच्या एका कारखान्यात मनुष्यबळ विभागाचे काम पाहताना ज्येष्ठ कर्मचाऱ्यांची कनिष्ठांशी जोडी लावून देणारी मार्गदर्शन योजना मी प्रथम चालवली, तेव्हा जोड्या लावणे हेच काय ते अवघड काम आहे, अशी माझी समजूत होती. जोड्या लागल्या, दोन महिने बऱ्या चालल्या आणि पुढे त्यांतील एकही जोडी केव्हा संपली हे कोणालाच सांगता येईना. त्यातील एका तरुण पर्यवेक्षकाला पुढे दुसऱ्या विभागात बढती मिळाली, तरी त्याचे ज्येष्ठ त्याला तेथे जाऊन चारचौघांत सूचना करत राहिले. त्यांच्या दृष्टीने ते अजून मार्गदर्शकच होते, कारण तुमचे काम झाले असे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. तरुणाला संकोच वाटे, ज्येष्ठांना तो शेफारला असे वाटे, आणि चूक दोघांचीही नव्हती. ती योजना आखणाऱ्याची, म्हणजे माझी होती. हा लेख साधारण शंभर ते तीनशे माणसांच्या कारखान्यात अशी योजना पहिल्यांदाच सुरू करणाऱ्यांसाठी आहे, आणि त्यात जोडी कशी लावावी व कशी सोडवावी या दोन गोष्टींवर मुद्दाम अधिक भर दिला आहे.

एक खुलासा आधीच करतो. शिकाऊ उमेदवारी किंवा विभागातले रोजचे प्रशिक्षण आणि ही योजना यांची गल्लत करू नये. यंत्र कसे चालवायचे हे विभागाने शिकवायचे असते. मार्गदर्शकाकडे जायचे ते अशा अडचणी घेऊन, ज्या आपल्या साहेबापुढे बोलायला माणूस कचरतो किंवा ज्यांचे उत्तर कोणत्याही पुस्तिकेत नसते.

पहिली पायरी : मुदत, वेळ आणि समन्वयक

योजनेची मुदत सहा महिने ठेवावी आणि शेवटची तारीख पहिल्या परिपत्रकातच छापावी. तीन महिन्यांत ओळखच नीट होत नाही, आणि वर्षभराची मुदत ठेवली तर कारखान्यातील बदल्या व राजीनामे यांमुळे अर्ध्या जोड्या मध्येच विस्कटतात. सोलापुरात सुरुवात फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात करणे मला सोयीचे वाटते. जानेवारीत संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वरांची यात्रा असते, गड्ड्याच्या जत्रेचे दिवस असतात, हजेरी पातळ होते, आणि नव्या जोडीच्या पहिल्या दोन भेटी हुकल्या की ती जोडी पुढे सहसा सावरत नाही. फेब्रुवारीत सुरू केलेली फेरी जुलैअखेर संपते. मध्ये आषाढी वारी येते आणि पंढरपूर, मोहोळकडची मुले रजेवर जातात, परंतु तोवर जोडी रुळलेली असल्यामुळे एखादी भेट हुकल्याने फारसे बिघडत नाही.

पहिल्या फेरीत पाच-सहापेक्षा जास्त जोड्या घेऊ नयेत, कारण समन्वयक एकच असतो आणि त्याला प्रत्येकाशी स्वतंत्रपणे बोलावे लागते. समन्वयक शक्यतो उत्पादन विभागातला नसावा. व्यवस्थापनाकडून एक गोष्ट लेखी घ्यावी. भेटीची वेळ ही कामाची वेळ धरली जाईल, आणि ज्या ज्येष्ठांच्या पगारात उत्पादनावर आधारित प्रोत्साहन भत्ता आहे त्यांना त्या तासापुरता सरासरी भत्ता मिळेल, असे त्यात स्पष्ट लिहिलेले असावे. हे क्षुल्लक वाटते, पण ते तसे नाही. लूम शेडमधील फिटर किंवा जॉबर तासभर बाजूला बसला आणि तेवढ्यात दोन लूम थांबून राहिले, तर त्याचे नुकसान खिशातून होते. मग तो भेटीला येतो खरा, पण त्याचे कान शेडकडे लागलेले असतात. पुढच्या वेळी त्याला काम निघते.

दुसरी पायरी : ज्येष्ठ निवडणे

सर्वांत जास्त वर्षे झालेला किंवा हाताने सर्वांत तरबेज असलेला माणूस चांगला मार्गदर्शक होईलच असे नाही. मी निवडीच्या वेळी एकच प्रश्न विचारतो. गेल्या महिन्यात तुमच्याकडून झालेली एखादी चूक आणि ती कशी लक्षात आली, ते सांगा. जो माणूस चूक सांगतो, तिचे कारण सांगतो आणि मधल्या पायऱ्या न गाळता सांगतो, तो घ्यावा. जो म्हणतो, "आमच्याकडून चूक होत नाही, पोरांनाच काम येत नाही," त्याला नम्रपणे बाजूला ठेवावे, मग तो कितीही मोठा कारागीर असो. एका ज्येष्ठाकडे पहिल्या फेरीत एकच कनिष्ठ द्यावा.

नावे ज्येष्ठांनी स्वतःहून द्यावीत हे उत्तम. आमच्या शेडमध्ये मात्र स्वतःहून नाव देणे हे पुढे-पुढे करणे समजले जाते, त्यामुळे चांगली माणसे गप्प बसतात. अशा वेळी समन्वयकाने जाऊन विचारावे आणि नकार आला तर तो निमूटपणे स्वीकारावा. वरून हुकूम सोडून बसवलेला मार्गदर्शक सहा महिने चहा पितो आणि काही सांगत नाही.

तिसरी पायरी : जोडी लावणे

येथे घाई करू नये. दोन्ही बाजूंकडून एकेका पानाचा अर्ज भरून घ्यावा आणि त्यातील प्रश्न ध्येये व आकांक्षांबद्दल ठेवू नयेत. "पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कोठे पाहता" या प्रश्नाला सगळे तेच उत्तर देतात आणि त्यावरून जोडी लावता येत नाही. कनिष्ठाला विचारावे की गेल्या महिनाभरात तुम्ही कोणत्या प्रसंगी अडलात आणि त्या वेळी कोणाला विचारावेसे वाटले. ज्येष्ठाला विचारावे की लोक कोणत्या दोन बाबतींत तुमच्याकडे सल्ल्याला येतात. याखेरीज पाळी, विभाग, कोणत्या भाषेत मोकळेपणाने बोलता येते आणि कारखान्यात कोणी नातेवाईक आहे का, एवढे विचारले की पुरे.

अर्ज हातात आले की आधी काय जमत नाही ते पाहावे, म्हणजे निवड आपोआप सोपी होते. पहिली चाळणी अधिकाराची. कनिष्ठ ज्याच्या हाताखाली काम करतो तो त्याचा मार्गदर्शक नसावा, कारण ज्याच्या हातात वार्षिक मूल्यमापन आहे त्याच्यापुढे कोणी आपले अज्ञान उघडे करत नाही. ही गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते. तिची उलटी बाजू मात्र सुटते, आणि ती माझ्या हातूनही सुटली होती. पदविका घेऊन आलेल्या एका पर्यवेक्षकाला मी त्याच पाळीतला तीस वर्षे अनुभवाचा जॉबर मार्गदर्शक म्हणून दिला. हुद्द्याने पर्यवेक्षक वर आणि जॉबर खाली होता. दुपारी जॉबरला कामावरून बोलायचे आणि संध्याकाळी त्याच्यापुढे शिष्य म्हणून बसायचे, हे त्या मुलाला जमेना, आणि जॉबरलाही जमेना. तिसऱ्या भेटीनंतर दोघे एकमेकांना टाळू लागले. तेव्हा अधिकाराची रेघ वरून खाली आणि खालून वर अशी दोन्हीकडून तपासावी, आणि शक्यतो विभागच वेगळा घ्यावा.

दुसरी चाळणी पाळीची, आणि ही कागदावर मांडून पाहिल्याशिवाय कळत नाही. समजा, तीन पाळ्या सकाळी सात, दुपारी तीन आणि रात्री अकराच्या आहेत, आणि तीन गट दर आठवड्याला एक पाळी पुढे सरकतात. वेगवेगळ्या गटांतली दोन माणसे मग वर्षभर एकाही पाळीत एकत्र येत नाहीत. ती फक्त पाळी बदलताना भेटतात, आणि त्यातही एकाची पाळी नेहमीच दुसऱ्याच्या आधी असते, म्हणजे काम संपवून थांबावे लागणारा कायम तोच राहतो. शिवाय बदलाच्या तीन वेळांपैकी दुपारी तीनचीच वेळ बोलण्याजोगी असते. रात्री अकराला एकाला घरी जायचे असते, आणि सकाळी सातला रात्रपाळी केलेल्या माणसाचे डोळे मिटत असतात. याचा अर्थ अशा जोडीची खरी भेट तीन आठवड्यांतून एकदा होणार, आणि सव्वीस आठवड्यांत जेमतेम आठ-नऊ भेटी होणार. दर पंधरवड्याला भेट असे परिपत्रकात छापून मोकळे झालात, तर अशा जोड्या पहिल्याच महिन्यात नियम मोडणाऱ्या ठरतात आणि त्यांचा उत्साह तेथेच संपतो. म्हणून फिरत्या पाळीतील कनिष्ठाला शक्यतो जनरल शिफ्टमधील ज्येष्ठ द्यावा. कनिष्ठ पहिल्या पाळीत असेल तर काम संपल्यावर तीननंतर आणि दुसऱ्या पाळीत असेल तर कामावर चढण्याआधी, अशा तीनपैकी दोन आठवड्यांत भेट जमते. थांबलेल्या किंवा लवकर आलेल्या वेळेचा मोबदला कसा धरायचा, हे वेतन विभागाशी आधीच ठरवून घ्यावे.

तिसरी चाळणी भाषेची आणि नात्याची. सोलापूरच्या यंत्रमाग व्यवसायात तेलुगू बोलणारी घराणी पिढ्यान्‌पिढ्या आहेत, अक्कलकोट बाजूची मुले घरी कन्नड बोलतात, आणि बार्शी-मोहोळकडची मुले मराठीशिवाय दुसरे फारसे बोलत नाहीत. कामापुरते मराठी सगळ्यांनाच येते. परंतु "मला भीती वाटते" हे वाक्य माणूस कोणत्या भाषेत बोलू शकतो, हा प्रश्न वेगळा असतो. त्यासाठी दोघांची मातृभाषा एकच असायला हवी असे नाही. दोघांनाही अडखळावे लागणार नाही अशी एक भाषा असली की झाले. नात्यातली माणसे मात्र जोडीत घालू नयेत, कारण भेटीत बोललेले संध्याकाळी घरी पोचते.

एवढे झाल्यावर गरज आणि अनुभव यांची सांगड घालायची. ती कशी घातली, हे एका फेरीतील दोन उदाहरणांवरून सांगतो.

पाच कनिष्ठांपैकी एक लूम शेडचा पर्यवेक्षक होता, मूळचा बार्शीचा. त्याने अर्जात लिहिले होते, "टॉवेलची पाईल कमी-जास्त आली की दोष लूमचा की बीमचा हे मला ठरवता येत नाही. फिटरला विचारले तर तो हसतो." ज्यांना टेरीचे काम ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगायचे तर टॉवेलच्या लूमवर ताण्याचे दोन बीम असतात. जमिनीच्या, म्हणजे पायाच्या विणीच्या सुतांचा बीम ताठ ताणलेला असतो आणि पाईलचा सैल. साध्या तीन पिकांच्या, म्हणजे तीन आडव्या धाग्यांच्या टेरीत दोन पिका थोड्या मागेच सोडून तिसरीच्या वेळी रीड, म्हणजे लूमची फणी, तिन्ही पुढे ठोकते, तेव्हा सैल सूत वर उचलले जाऊन लूप तयार होतो. पाईलची उंची बिघडली तर कारण लूमवरच्या ताणात असू शकते किंवा मुळात बीम भरतानाच राहिलेले असू शकते. या मुलासाठी सगळ्यांनी सुचवलेले नाव लूम शेडच्या ज्येष्ठ फिटरचे होते. मी ते घेतले नाही. लूम बंद राहिला की दोघांत रोज वाद होत, आणि अर्जातली तक्रारच मुळी त्या हसण्याबद्दल होती. त्याऐवजी वार्पिंग विभागाचे प्रमुख निवडले. मातृभाषा तेलुगू, मराठी अस्खलित, जनरल शिफ्ट, दोघांत अधिकाराचा कसलाही संबंध नाही, आणि बीम त्यांच्याच विभागात भरला जातो.

त्यांच्या तिसऱ्या भेटीचा वृत्तान्त मला पुढे दोघांनीही, वेगवेगळा, सांगितला. मुलाने पाईल बिघडलेल्या टॉवेलचा तुकडा आणला होता. "अण्णा, हा बघा, फिटर म्हणतो बीम खराब आणि तुमची माणसं म्हणतात लूम खराब." अण्णांनी उत्तर न देता तो तुकडा टेबलावर पसरला, त्याचा तळवा धरून एका किनारीपासून दुसऱ्या किनारीपर्यंत फिरवायला लावला आणि विचारले, कुठे कमी लागते? पूर्ण रुंदीत की एका बाजूला? एका बाजूला, असे तो म्हणाला. "पूर्ण रुंदीत असतं तर आधी लूमचा लेट-ऑफ बघितला असतास. एका बाजूला आहे म्हणजे बीमवर त्या बाजूचा ताण वेगळा आलाय का ते आधी बघ. चल, बीम दाखवतो. तो माझ्याकडनंच गेलाय." लेट-ऑफ म्हणजे बीमवरून ताणा सोडणारी लूमची यंत्रणा. एका बाजूच्या दोषाला दरवेळी बीमच कारणीभूत असेल असे नाही, आणि तेही त्यांनी त्याला सांगितले. परंतु कोणत्या क्रमाने शोध घ्यायचा हे त्याला कळले, आणि स्वतःच्या विभागाची चूक मान्य करणारा ज्येष्ठ त्याने पहिल्यांदा पाहिला. पुढच्या भेटींत तो फिटरशी कसे बोलावे याबद्दल विचारू लागला, आणि त्याची खरी अडचण तीच होती.

दुसरी कनिष्ठ गुणवत्ता विभागातील होती. तिचे म्हणणे असे, की माल बाद केला की शेडमधले लोक अंगावर येतात आणि तिला निर्णय टिकवता येत नाही. येथेही सरळ दिसणारे नाव, तिचे विभागप्रमुख, अधिकाराच्या चाळणीतच गळाले. निर्यात विभागातील एक ज्येष्ठ अधिकारी परदेशी ग्राहकांकडून येणाऱ्या तक्रारी अनेक वर्षे हाताळत होत्या. कोणत्या दोषावर ग्राहक पैसे कापतो आणि कोणत्या दोषाकडे दुर्लक्ष करतो हे त्यांना ठाऊक होते, आणि निर्णय टिकवायला नेमकी हीच माहिती लागते. ही जोडी फेरीतली सर्वांत चांगली जोडी ठरली.

पाचांतील एकाची जोडी लागली नाही. नियोजन विभागातील त्या मुलाला संगणकावरील तक्ते शिकायचे होते. ती प्रशिक्षणाची गरज होती, म्हणून त्याला वर्गाला पाठवले. त्यामुळे एक ज्येष्ठही मोकळे राहिले. त्यांना प्रत्यक्ष भेटून कारण सांगितले, आणि हे विसरू नये. नाव देऊन जोडी न मिळालेला ज्येष्ठ पुढच्या फेरीत नाव देत नाही.

शेवटी जोडी जाहीर करण्यापूर्वी दोघांनाही खासगीत विचारावे. कनिष्ठाला दोन नावे सांगून पसंती विचारता आली तर अधिक बरे, कारण आपल्यालाही विचारले गेले होते एवढ्यानेच माणूस जोडीची जबाबदारी घेतो.

चौथी पायरी : पहिली भेट आणि एका पानाचा करार

पहिल्या भेटीत समन्वयकाने पंधरा मिनिटे बसावे आणि उठून जावे. त्या वेळात भेटीचा वार व वेळ, जागा, शेवटची तारीख आणि गुप्ततेची हद्द एका पानावर लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात. भेटीत बोललेले बाहेर जाणार नाही, मात्र कोणाच्या जिवाला धोका, छळ किंवा अफरातफर यांविषयी काही कळले तर ते गुप्त राहणार नाही, हे वाक्य सरळ शब्दांत असावे. जागा लूम शेडच्या आत किंवा दाराशी नसावी, कारण तेथे ओरडून बोलावे लागते आणि ओरडून कोणी मनातले बोलत नाही. कँटीनही नको. आम्ही नमुना कक्ष वापरत होतो. त्याला काचेचे दार आहे, बाहेरून दिसते पण ऐकू येत नाही, आणि जोडीत एक पुरुष व एक स्त्री असेल तर ही व्यवस्था दोघांनाही सोयीची पडते. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानुसार दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत अंतर्गत समिती असावी लागते. तिच्या सदस्यांची नावे या पानाच्या तळाशी छापून टाकावीत.

पाचवी पायरी : मध्यावरची विचारपूस

सहाव्या आठवड्यात आणि तिसऱ्या महिन्याच्या शेवटी समन्वयकाने दोघांशी वेगवेगळे बोलावे. काय बोललात हे विचारायचे नाही. किती वेळा भेटलात आणि शेवटच्या भेटीनंतर कामात काय वेगळे करून पाहिले, एवढेच विचारायचे. दुसऱ्या प्रश्नाला प्रसंगाने उत्तर मिळाले तर जोडी चालू आहे. "सगळं छान चाललंय, साहेब," एवढेच उत्तर दोघांकडूनही आले तर बहुधा ती थांबलेली असते. लागोपाठ दोन भेटी पुढे ढकललेल्या असतील, किंवा कनिष्ठ ज्येष्ठांचे अहवाल संगणकावर टाइप करून देऊ लागला असेल, तर हीसुद्धा बिघाडाची लक्षणे समजावीत. टाइप करून देणे दोघांनाही मदत वाटते, आणि म्हणूनच ते कोणी सांगत नाही. विचारावे लागते.

जोडी जमत नसेल तर ती मोडण्याची तरतूद करारातच असावी, आणि कारण सांगण्याची सक्ती कोणावरही नसावी. कनिष्ठाने समन्वयकाला एवढेच सांगायचे, की मला बदल हवा. पुढचे काम समन्वयकाचे. ज्येष्ठाला हे सांगताना "तो तुमच्यावर नाराज आहे" असे म्हणू नये आणि खोटे कारणही जोडू नये. "ही जोडी आपण येथे थांबवतो आहोत, योजनेत अशी तरतूद आहे, आणि शेवटची एक भेट घेऊन ती संपवावी अशी विनंती आहे," असे म्हटले की ऐकणाऱ्याचा मान राहतो.

सहावी पायरी : जोडी सोडवणे

मार्गदर्शनाच्या नात्याचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकन संशोधिका कॅथी क्रॅम यांनी १९८३ मध्ये या नात्याचे चार टप्पे मांडले. नाते जुळणे, वाढणे, वेगळे होणे आणि नव्या रूपात उरणे, असे ते टप्पे आहेत. आपल्या योजना पहिल्या दोन टप्प्यांची तयारी करतात आणि तिसरा नशिबावर सोडतात. वास्तविक अवघडलेपणा सगळा तिसऱ्यातच असतो. कनिष्ठाला वाटते की आता भेटणे थांबवले तर आपण कृतघ्न ठरू, आणि ज्येष्ठाला वाटते की याचे काम झाले आणि हा फिरकला नाही. तारीख आधीच ठरलेली असेल तर हा निर्णय दोघांपैकी कोणालाच घ्यावा लागत नाही.

शेवटच्या तीन भेटी म्हणून वेगळ्या धराव्यात. सहावा महिना लागताच समन्वयकाने दोघांना तारखेची आठवण द्यावी आणि कनिष्ठाचा मूळ अर्ज त्याच्या हाती परत द्यावा. तीनपैकी पहिल्या भेटीत दोघांनी तो अर्ज समोर ठेवून वाचायचा असतो. बार्शीच्या त्या पर्यवेक्षकाला स्वतःचे "फिटर हसतो" हे वाक्य वाचून हसू आले, आणि त्या भेटीत त्याने अण्णांना सांगितले की आता पाईलचा दोष आला की तो स्वतः तुकडा घेऊन फिटरकडे जातो व आधी कोणत्या बाजूला आहे ते सांगतो. फिटर आता हसत नाही, वाद घालतो, आणि वाद घालणे म्हणजे बरोबरीचे मानणे, असे अण्णांचे मत पडले.

दुसऱ्या भेटीत ज्येष्ठाने सल्ला द्यायचा नाही, हा नियम जरा कडक आहे पण उपयोगी आहे. कनिष्ठाने तेव्हा चालू असलेली एक अडचण मांडायची, स्वतःच ती सोडवत न्यायची आणि ज्येष्ठाने फक्त प्रश्न विचारायचे. जोडीवर किती अवलंबून राहणे उरले आहे हे या भेटीत दिसते. कनिष्ठ प्रत्येक वाक्यानंतर मान वर करून ज्येष्ठाच्या चेहऱ्याकडे पाहत असेल, तर मुदत वाढवण्याचा मोह होतो. वाढवू नये. त्याला त्याच्या विभागात पुढे कोणाला विचारायचे, ती एक-दोन नावे शोधून द्यावीत, कारण नेमकी तीच उणीव राहिलेली असते.

तिसरी भेट निरोपाची. त्यात तीन गोष्टी ठरतात. काय उपयोगी पडले आणि काय पडले नाही, हे दोघांनी एकमेकांना सांगायचे. लिहून ठेवलेली खासगी टिपणे फाडून टाकायची किंवा ज्याची त्याला द्यायची, आणि मनुष्यबळ विभागाकडे भेटींच्या तारखांखेरीज काही ठेवायचे नाही. आणि यापुढे संबंध कसा ठेवायचा, हे उघड बोलायचे. वार्पिंगच्या अण्णांनी त्या मुलाला सांगितले, "आता तू बोलावलंस तरच मी येईन. मी आपणहून तुझ्या शेडमध्ये येऊन काही सांगणार नाही." माझ्या पहिल्या फेरीत हे एक वाक्य कोणी बोलले असते, तर सुरुवातीला सांगितलेला तो प्रसंग टळला असता.

ज्येष्ठ मध्येच निवृत्त झाले, कनिष्ठाने नोकरी सोडली किंवा कोणाची बदली झाली, तरी निरोपाची एक भेट घेतलीच पाहिजे, मग ती फोनवर वीस मिनिटांची का असेना. राहिलेल्या दोन-तीन महिन्यांसाठी लगेच नवा ज्येष्ठ देऊ नये. कनिष्ठाला पुढच्या फेरीत पहिला मान द्यावा. सलग फेऱ्यांत एकाच ज्येष्ठाला घेऊ नये, त्यांनी हट्ट धरला तरी.

समारोपाला शाल-श्रीफळ, भाषणे आणि छायाचित्रे यांचा घाट आमच्याकडे हमखास घातला जातो. माझा त्याला विरोध नाही. मात्र त्यात जोड्यांना व्यासपीठावर उभे करून "काय शिकलात" असे विचारू नये, कारण चारचौघांत सांगण्याजोगे जे असते ते सहसा सर्वांत कमी महत्त्वाचे असते. ज्येष्ठांना व्यवस्थापनाच्या सहीचे पत्र द्यावे, त्यात योजनेचा कालावधी लिहावा आणि त्याची एक प्रत त्यांच्या सेवापुस्तिकेत लावावी. दोघांच्या विभागप्रमुखांना जोडी अमुक तारखेला संपली असे एका ओळीत कळवावे. आणि दुसऱ्या दिवशी पाळीच्या तक्त्यातून भेटीची राखीव वेळ व नमुना कक्षाच्या नोंदवहीतील त्यांची नावे काढून टाकावीत. ती नावे तेथे तशीच राहिली, तर पुढच्या आठवड्यात ज्येष्ठ ठरल्या वेळी काचेच्या दाराशी येऊन थांबलेले दिसतात.